मॉनिटरवर ५० होता, नंतरही ५०च: कण्हेरीची विषबाधा आणि रिदम स्ट्रिप

आजचा भाग नांदेड-लातूरकडच्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. जीएनएम असो, बीएस्सी असो, ज्यांची पोस्टिंग आता मेडिसिन वॉर्डात किंवा आयसीयूत लागणार आहे, त्या सगळ्यांसाठी. विष्णुपुरीच्या शासकीय महाविद्यालयात असा, लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत असा, नाहीतर उदगीर, किनवट, मुखेडच्या एखाद्या रुग्णालयात; मॉनिटर सगळीकडे तोच असतो आणि पेशंटही साधारण त्याच भागातून आलेले असतात.

एक काम करा. दहावीच्या भूमितीचा तो हिरवा-नारंगी ग्राफ पेपर असतो ना, तो काढा. त्यातला सगळ्यात छोटा चौकोन एक मिलिमीटरचा असतो. ईसीजीच्या कागदातलाही तेवढाच असतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर पळतो, म्हणून एक छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच छोटे मिळून एक मोठा, म्हणजे ०.२ सेकंद. आता ग्राफ पेपरवर पट्टीने १५ सेंटिमीटरची आडवी रेघ मारा. ही झाली तुमची सहा सेकंदांची स्ट्रिप, १५० छोट्या चौकोनांची. आज आपण याच कागदावर एका पेशंटच्या तीन स्ट्रिप काढणार आहोत. हा पेशंट मी शिकवण्यासाठी रचलाय. पण अशी रात्र वॉर्डात येते, म्हणूनच तो निवडलाय.

पेशंट चाळिशीचा शेतकरी. सांधे दुखतात म्हणून कुणीतरी सांगितलेला कण्हेरीच्या मुळाचा काढा त्याने घेतला. संध्याकाळपासून मळमळ, उलट्या, डोळ्यापुढे अंधारी. नातेवाईक म्हणतात, "काहीतरी खाण्यात आलं असंल, पित्त झालंय." कण्हेर आपल्याकडे देवळापुढे, अंगणात, हायवेच्या दुभाजकावर सगळीकडे असते. लाल-गुलाबी असते ती एक, आणि पिवळ्या फुलांची, हिरव्या कठीण फळांची, जिला काही जण बिट्टी म्हणतात ती दुसरी. दोन्ही विषारी. पान, मूळ, बी, चीक, सगळंच. दोन्हींतलं विष हृदयावर डिगॉक्सिनच्या गोळीसारखं काम करतं. फरक इतकाच की गोळीत मात्रा मोजलेली असते आणि झाडात नसते.

हे विष हृदयात काय करतं ते दोन वाक्यांत सांगते, कारण पुढच्या तिन्ही स्ट्रिप त्यावरच उभ्या आहेत. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली संदेश जाताना मधे एव्ही नोड नावाचं फाटक असतं. हे विष त्या फाटकावर ब्रेक दाबतं. आणि त्याच वेळी पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडून पेशीत कॅल्शियम साठवतं, त्यामुळे खालचे कप्पे चिडतात, मधेच स्वतःहून ठोका मारायला लागतात. म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदमच. पंप बंद पडला की पोटॅशियम पेशीत जाऊ शकत नाही, रक्तात वाढतं. म्हणून या पेशंटचं पोटॅशियम वारंवार पाहायला सांगतात.

आता पहिली स्ट्रिप. रात्रीचे दहा. मॉनिटरवर आकडा ५०.

कागदावर ३०-३० छोट्या चौकोनांच्या अंतरावर पाच उंच शिखरं काढा. हे क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांचं आकुंचन. प्रत्येकाच्या आधी एक छोटी गोल टेकडी काढा, ती पी वेव्ह, वरच्या कप्प्यांची. पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत सहा छोटे चौकोन ठेवा.

वाचताना पहिलं, रेट. सहा सेकंदांत पाच क्यूआरएस, गुणिले दहा, ५०. दुसरं, अंतरं सारखी आहेत का? आहेत, सगळी ३०. तिसरं, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी आहे का आणि प्रत्येक पीच्या मागे क्यूआरएस आहे का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत बरं का, मुलं पहिला विचारतात आणि दुसरा सोडून देतात. चौथं, पीआर किती? सहा छोटे चौकोन, ०.२४ सेकंद. नॉर्मल तीन ते पाच, म्हणजे ०.१२ ते ०.२०. तर पीआर लांबलाय. पाचवं, क्यूआरएस किती रुंद? दोन चौकोन, म्हणजे अरुंद. तीन किंवा जास्त असता तर रुंद म्हटलं असतं.

निदान झालं: सायनस ब्रॅडिकार्डिया, सोबत फर्स्ट डिग्री ब्लॉक. फाटक उघडतंय, पण जरा सावकाश. पेशंट बोलतोय, बीपी ११० बाय ७०. डॉक्टरांनी ॲक्टिव्हेटेड चारकोल दिला, रक्त तपासायला पाठवलं. ॲट्रोपिनही दिलं, आपल्याकडे ०.६ मिलिग्रॅमचा अँप्यूल येतो तो एक. इथे सिस्टरसाठी एक गोष्ट: या पेशंटला राइल्स ट्यूब टाकताना किंवा तो ओकारी काढत असताना व्हेगस नर्व्ह चेतते आणि ठोके आणखी खाली जातात. ट्यूब टाकताना एक डोळा मॉनिटरवर ठेवायचा आणि ॲट्रोपिन भरून ट्रेमध्ये ठेवायचं.

दुसरी स्ट्रिप. रात्रीचे साडेबारा. मॉनिटरवर आकडा पुन्हा ५० च्या आसपास. ड्युटीवरची मंडळी म्हणणार, "जैसे थे आहे." चार्टवर ५० च्या खाली ५० लिहिलं जाणार.

कागदावर काढू. या वेळी पी आधी काढा. शून्यावर एक, मग दर २४ चौकोनांवर एक: ०, २४, ४८, ७२, ९६, १२०, १४४. सात पी झाल्या. आता क्यूआरएस: ६ वर, ३३ वर, ५८ वर. मग ७२ च्या पीच्या मागे काहीच नाही, मोकळी रेघ. पुढे १०२ वर आणि १२९ वर. शेवटच्या पीचा क्यूआरएस कागदाच्या बाहेर गेला.

मोजा. क्यूआरएस पाच. गुणिले दहा, ५०. आकडा खरंच तोच आहे! पण पीआर बघा: पहिला ६ चौकोन, दुसरा ९, तिसरा १०, चौथ्याला क्यूआरएसच नाही, आणि मग परत ६ पासून सुरुवात. फाटक दर वेळी उशिरा उघडत गेलं आणि एकदा उघडलंच नाही. हा सेकंड डिग्री ब्लॉक, टाइप वन. याला वेंकेबाख म्हणतात. वेंकेबाख यांनी हे १८९९ मध्ये वर्णन केलं, तेव्हा ईसीजी मशीन वापरात आलंच नव्हतं. नाडीच्या आलेखातल्या अंतरांवरून त्यांनी ते ओळखलं. म्हणजे मनगटावर बोट ठेवूनही हे सापडतं: दोन-तीन ठोके, मग एक खंड, पुन्हा दोन-तीन ठोके, मग खंड. या पेशंटची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, पंधरा सेकंद गुणिले चार करायचं नाही, त्याचं कारण हे.

आता या दोन स्ट्रिप शेजारी ठेवा. दहा वाजता पी मिनिटाला ५० होत्या आणि पन्नासच्या पन्नास खाली पोचत होत्या. साडेबाराला दोन पींमधलं अंतर २४ चौकोन आहे. एका मिनिटात १५०० छोटे चौकोन असतात, म्हणून १५०० भागिले २४, साधारण ६२. ॲट्रोपिनमुळे, भीतीमुळे, उलट्यांमुळे, कशानेही असो, वरची फॅक्टरी जोरात चालायला लागलीय, पण खाली माल तेवढाच पोचतोय. आकडा स्थिर आहे, पेशंट बिघडतोय. मॉनिटर फक्त उंच शिखरं मोजतो, पी मोजत नाही, त्याला हे दिसणारच नाही. ते तुम्हाला दिसायला पाहिजे.

सगळ्या टाइप वन ब्लॉकला असं घाबरायचं नसतं, हेही सांगून ठेवते. तब्येतीने दणकट तरुण मुलांत झोपेत वेंकेबाख दिसू शकतो, त्याने काही होत नाही. इथे घाबरायचं ते दिशेमुळे. अडीच तासांत फर्स्ट डिग्रीचा सेकंड डिग्री झाला, आणि विष अजून पोटातून रक्तात जातच आहे. त्यामुळे साडेबाराची स्ट्रिप ही डॉक्टरांना उठवण्याची स्ट्रिप आहे, सकाळच्या राउंडला दाखवण्याची नाही. डॉक्टरांनी ॲट्रोपिनचा आणखी एक अँप्यूल द्यायला सांगितला, म्हणजे एकूण १.२ मिलिग्रॅम झालं, आणि पेशंटला डिफिब्रिलेटरजवळच्या बेडवर घ्यायला सांगितलं.

तिसरी स्ट्रिप. पहाटेचे पावणेतीन. पी पुन्हा शून्यापासून, पण आता दर २० चौकोनांवर: ०, २०, ४०, ६०, ८०, १००, १२०, १४०. क्यूआरएस चारच: १० वर, ५५ वर, १०० वर, १४५ वर. ते चांगले रुंद काढा, चार-चार चौकोनांचे.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! या स्ट्रिपकडे लांबून पाहिलं तर ती व्यवस्थित दिसते. क्यूआरएस ठरलेल्या अंतराने येतात, ४५-४५ चौकोन. साडेबाराच्या स्ट्रिपमध्ये खंड तरी दिसत होता, इथे तोही नाही. म्हणून नवीन मुलांना दुसरी स्ट्रिप भयंकर वाटते आणि तिसरी नुसती हळू वाटते. खरं तर उलट आहे.

एक कोऱ्या कागदाची पट्टी घ्या. ती पींच्या रांगेखाली धरा, लागोपाठच्या दोन पींवर पेनने खूण करा, आणि पट्टी पुढे सरकवत जा. खूण दर वेळी पीवर बसते. ८० नंतरची पी मात्र दिसत नाही. ती १०० वर असायला हवी, आणि १०० वर तर क्यूआरएस आहे. पी कुठे गेली नाही, ती क्यूआरएसच्या पोटात लपलीय. तीच पट्टी क्यूआरएसला लावा. तेही अचूक बसतात. म्हणजे पी स्वतःच्या तालात, क्यूआरएस स्वतःच्या तालात. आता पीआर मोजा: १०, मग १५, मग लपलेली, मग ५. काही मेळ नाही. वेंकेबाखमध्ये पीआर क्रमाने वाढत होता, इथे क्रमच नाही. फाटक कायमचं बंद झालंय. खालच्या कप्प्यांनी वाट पाहणं सोडून स्वतःचा ताल धरलाय. हा थर्ड डिग्री, कम्प्लीट हार्ट ब्लॉक.

रेट काढताना इथे एक फसगत आहे. सहा सेकंदांत चार क्यूआरएस, म्हणून ४० लिहाल. पण रिदम नियमित आहे तर १५०० भागिले ४५ करा, ३३ येतं. सहा सेकंदांची पद्धत अनियमित रिदमला चांगली, पण हळू चालणाऱ्या हृदयात एक शिखर आत आलं की बाहेर गेलं यावर दहाचा फरक पडतो. आणि क्यूआरएस रुंद आहे, म्हणजे ठोका एव्ही नोडच्या जवळून नाही, खूप खालून येतोय. खालून येणाऱ्या या ठोक्याचा भरवसा नसतो. तो केव्हाही थांबू शकतो.

या क्षणी फोन कसा करायचा? "सर, पेशंटचा पल्स कमी झालाय" असं सांगितलं तर समोरून "किती?" विचारतील, तुम्ही सांगाल, मग "बीपी?" विचारतील. तेवढा वेळ नाही. असं सांगा: "सर, बेड सात, कण्हेरीची विषबाधा. आत्ताच्या स्ट्रिपवर पी ७५, क्यूआरएस ३३, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, क्यूआरएस रुंद आहे. बीपी ८० बाय ५०, हातपाय गार, हाकेला उशिरा ओ देतायत. ॲट्रोपिन एकूण १.२ झालंय. पेसिंगचे पॅड लावतेय, तुम्ही लगेच या." वीस सेकंद लागतात. ही स्ट्रिप वाचता आली तरच असं सांगता येतं.

ॲट्रोपिन इथे अपुरं पडू शकतं, कारण ते मुख्यतः वरच्या फॅक्टरीवर आणि फाटकावर काम करतं. खालून येणाऱ्या रुंद ठोक्यावर त्याचा फारसा जोर नाही. म्हणून पेसिंग. मशीनमध्ये सोय असेल तर छातीवर पॅड लावून बाहेरून, नाहीतर डॉक्टर शिरेतून वायर टाकतात. बाहेरून पेसिंग सुरू केलं की स्क्रीनवर सुईसारखी उभी रेघ दिसते. ती दिसली म्हणून हृदय धडधडलं असं नाही. प्रत्येक रेघेमागे रुंद क्यूआरएस आणि त्याबरोबर नाडी लागली पाहिजे. नाडी मांडीच्या सांध्यात बघा. मानेत बघितली तर पेसिंगने फडफडणारे स्नायू बोटाला नाडीसारखेच वाटतात. या विषावर खरा उतारा आहे, डिगॉक्सिनवरच्या अँटिबॉडीज, आणि श्रीलंकेत पिवळ्या कण्हेरीच्या पेशंटमध्ये त्यांचा चांगला उपयोग दिसलाय. पण आपल्याकडे त्या सहज मिळत नाहीत, महागही आहेत. कॅल्शियमचं इंजेक्शन पोटॅशियम जास्त आलं म्हणून सवयीने भरू नका. या विषात ते द्यावं की नाही यावर जुना वाद आहे. डॉक्टरांनी सांगितलं तरच.

आता ॲक्सिलरेटरची बाजू. याच पेशंटच्या खालच्या कप्प्यांनी चिडून सलग रुंद, जलद ठोके मारले की ती व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया: पी शोधून सापडत नाही, रुंद शिखरं एकाला एक चिकटून. आणि नुसतीच वेडीवाकडी लाट, ना पी ना क्यूआरएस, ती व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. वायर टाकताना हृदय चिडून हे होऊ शकतं, म्हणून त्या वेळी डिफिब्रिलेटर शेजारी, चालू, चार्जिंग तपासलेला.

पण ती वेडीवाकडी लाट दिसली की आधी पेशंटकडे पळा, मशीनकडे नाही. पेशंट "सिस्टर, पाणी द्या" म्हणत असेल तर ते फिब्रिलेशन नाही. थंडीने कुडकुडणं, दात घासणं, निघालेला इलेक्ट्रोड, यानेही हुबेहूब तशीच लाट उमटते. दोन खुणा बघा. एक, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरची लाट शांतपणे चालू आहे का? दुसरी, कागद काढून बघा, गोंधळातूनही ठरलेल्या अंतरावर टोकदार क्यूआरएस डोकावतायत का? डोकावत असतील तर ते खरे आणि बाकी सगळा गोंगाट. उलट, पेशंट हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, दहा सेकंदांत नाडी लागत नाही, तर मग स्ट्रिपचा अभ्यास बंद. मदतीला हाक, छातीवर दाब सुरू, आणि पॅड लावून शॉक. सिंक्रोनाइज्डचं बटण बंद आहे ना तेवढं बघा, नाहीतर फिब्रिलेशनमध्ये मशीन क्यूआरएसची वाट बघत बसतं आणि शॉक सुटतच नाही.

इलेक्ट्रोडवरून आठवलं. लाल वायर कुठे लावायची यावर होस्टेलमध्ये भांडणं होतात आणि दोन्ही बाजू बरोबर असतात. युरोपीय पद्धतीच्या मशीनमध्ये लाल म्हणजे उजवा हात. अमेरिकन पद्धतीत लाल म्हणजे डावा पाय. आपल्या रुग्णालयांत दोन्ही तऱ्हेची मशीनं असतात. रंग पाठ करू नका, वायरच्या टोकावरची अक्षरं वाचा. उलटसुलट लागली की लीड टूमध्ये पी उलटी दिसते आणि मग सगळं वाचन फसतं.

ज्यांची पोस्टिंग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आहे त्यांच्यासाठी शेवटचा मुद्दा. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या वर आहे. अशा पेशंटला १०८ मधून पुढे पाठवायचं ठरलं, तर पहिली आणि दुसरी, दोन्ही स्ट्रिप सोबत द्या. नुसती शेवटची देऊ नका. पुढच्या डॉक्टरांना पेशंट किती वेगाने बिघडतोय ते दोन स्ट्रिपमधल्या वेळेवरून कळतं. प्रत्येकीवर नाव, तारीख, वेळ, लीड, त्या वेळचं बीपी आणि तोवर दिलेलं ॲट्रोपिन पेनने लिहा. थर्मल कागदावरची छपाई उन्हाने आणि सॅनिटायझरने उडते, म्हणून गाडी निघण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. फोटो सरळ वरून, चौकोन मोजता येतील इतका स्पष्ट, आणि कडेला छापलेला कागदाचा वेग फोटोत आलाच पाहिजे. कुणीतरी मशीन सेकंदाला ५० मिलिमीटरवर ठेवून गेलेलं असतं, मग प्रत्येक अंतर दुप्पट दिसतं आणि धडधाकट माणसाचाही पीआर लांबलेला वाटतो.